पोर्शनबाहेरचा प्रश्न

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी सांगितलं की प्रत्येकानं आपल्या कामातली एक गोष्ट सांगायची, अशी की जी इतरांनाही उपयोगी पडेल. मी स्वतंत्रपणे पुस्तकं, अहवाल, स्मरणिका यांची मांडणी आणि सजावट करते. नोकरी नाही, ऑफिस नाही. घरातली एक खोली आणि एक संगणक. आपल्या बॅचमध्ये असे बरेच जण आहेत हे सकाळच्या ओळख-सत्रात कळलं. कुणी भाषांतर करतं, कुणी लग्नाचे फोटो काढतं, कुणी हिशेब लिहितं, कुणी घरांच्या आतल्या सजावटीचं बघतं. आणि जे यातलं काही करत नाहीत ते कुठल्या ना कुठल्या सोसायटीच्या, मंडळाच्या, संस्थेच्या कमिटीवर आहेत, म्हणजे आमच्यासारख्यांना काम देणारे आहेत. त्यामुळे आजचा विषय दोन्ही बाजूंच्या लोकांसाठी आहे.

विषय असा. काम ठरलं, पैसे ठरले, अर्धं काम झालं, आणि मग पलीकडून फोन येतो, "ताई, एवढं एक जरा बघा ना." परीक्षेत पोर्शनबाहेरचा प्रश्न आला की आपण वर्गात केवढा गलका करायचो, आठवतंय? धंद्यात मात्र पोर्शनबाहेरचा प्रश्न आला की बहुतेक जण गप्प बसून तो सोडवतात आणि मनातल्या मनात चिडतात. हे न करता समोरच्याला नीट सांगायचं कसं आणि सुधारित दरपत्रक द्यायचं कसं, हे मी एका कामाच्या उदाहरणावरून सांगते.

ठरलेलं काम

एका पतसंस्थेला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. कार्यक्रम 20 जानेवारीला. स्मरणिका माझ्याकडे आली. माझ्या पहिल्या दरपत्रकात काम असं लिहिलं होतं: आतली 64 पानं, दर पानाला 500 रुपये, म्हणजे 32,000. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ मिळून 8,000. एकूण 40,000 रुपये, निम्मे आगाऊ. मजकूर संस्था युनिकोडमध्ये टाइप करून देणार, फोटो छापण्याजोगे देणार. प्रुफांच्या दोन फेऱ्या. छपाईला तयार फाइल 28 डिसेंबरला.

या दरपत्रकात रकमेपेक्षाही महत्त्वाच्या आहेत त्या "मजकूर टाइप करून", "फोटो छापण्याजोगे" आणि "दोन फेऱ्या" या तीन गोष्टी. "स्मरणिकेचं डिझाइन, रु. 40,000" अशी एका ओळीत बोळवण केली असती तर पुढचं सगळं माझं म्हणणं विरुद्ध त्यांचं म्हणणं असं झालं असतं. दरपत्रकात आपण काय करणार हे सगळेच लिहितात. समोरून आपल्या हातात काय आणि कशा स्थितीत यायचं आहे, हेही लिहायला हवं. वाढीव काम बहुतेक वेळा याच फटीतून आत शिरतं.

मागण्या कशा येतात

1 डिसेंबरला पहिलं प्रूफ गेलं. 3 ते 14 डिसेंबर या काळात पाच मागण्या आल्या. सगळ्या वेगवेगळ्या दिवशी, सगळ्या व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि प्रत्येक "एवढंच" म्हणून. संस्थेच्या जुन्या अहवालांतले निवडक भाग घ्यायचे ठरले, ते हाताने लिहिलेली 18 पानं म्हणून आले. दहा पानं जाहिराती मिळाल्या, पण जाहिरात म्हणून आलं ते दुकानाचं व्हिजिटिंग कार्ड. जुने 22 फोटो आले, काही चिरा पडलेले, काहींवर बुरशीचे डाग. नवे अध्यक्ष निवडून आले, त्यामुळे मनोगत आणि फोटो बदलायचा. आणि एका संचालकांच्या नावात पहिल्या प्रुफात "ज्ञानेश्वर"चं "ज्ञानेश्वरी" झालं होतं, ते दुरुस्त करायचं.

आता यातलं पोर्शनमधलं कोणतं आणि बाहेरचं कोणतं? मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: पहिलं दरपत्रक दिलं त्या दिवशी ही गोष्ट मला माहीत असती, तर माझा आकडा वेगळा झाला असता का? नावाची दुरुस्ती कुठल्याही स्मरणिकेत असतेच, आकडा बदलला नसता. ती ठरलेल्या फेऱ्यांत येते. हस्तलिखित येणार हे माहीत असतं तर आकडा नक्की वेगळा असता. जाहिराती आणि फोटो यांचंही तसंच. अध्यक्षांचं पान या दोन्हींच्या मधलं. लावून झालेलं पान पुन्हा लावायचं म्हणजे काम आहे, पण निवडणुकीचा निकाल काही सचिवांच्या हातात नव्हता.

अशी मधली एखादी गोष्ट मी मोफत करते, पण गुपचूप करत नाही. दरपत्रकात ती लिहिते, तिची नेहमीची किंमत लिहिते आणि पुढे "आकार नाही" असं लिहिते. न सांगता केलेलं मोफत काम समोरच्याला दिसतच नाही. पुढच्या वेळी तो ते हक्कानं मागतो, आणि त्यात त्याची चूकही नसते.

केव्हा सांगायचं

पहिलं पथ्य असं की काम करण्याआधी सांगायचं. आधी सांगितलं तर ते दरपत्रक असतं, नंतर सांगितलं तर ते बिल असतं. दरपत्रकावर माणूस विचार करतो, अनपेक्षित बिलावर वाद घालतो. कायद्यात, म्हणजे 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या 70 व्या कलमात, अशी सोय आहे की फुकट करण्याचा हेतू नसताना कायदेशीरपणे केलेल्या कामाचा फायदा समोरच्यानं घेतला तर त्याचा मोबदला त्यानं द्यायला हवा. पण तो हेतू सिद्ध करायला कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि सतरा हजारांसाठी ती कुणी चढत नाही. त्यामुळे त्या कलमाच्या भरवशावर काम करू नये. काम सुरू करण्याआधी ई-मेलवर आलेला "मान्य" हा एक शब्द त्यापेक्षा कितीतरी जास्त उपयोगाचा. 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार, करार केवळ इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं झाला एवढ्याच कारणानं तो अग्राह्य ठरत नाही.

दुसरं पथ्य म्हणजे प्रत्येक मागणीला वेगळं उत्तर द्यायचं नाही. "याचे शंभर, त्याचे दोनशे" असं रोज म्हणत राहिलं की माणूस वैतागतो. मी मागणी आली त्याच दिवशी एवढंच कळवते, "मिळालं. हे ठरलेल्या कामाव्यतिरिक्त दिसतंय, खर्च आणि वेळ काढून एकत्र कळवते." यात नकार नाही आणि होकारही नाही. "बघते" किंवा "करू या" हे शब्द मी कटाक्षानं टाळते, कारण ते पलीकडे होकार म्हणूनच ऐकू जातात.

किंमत कशी काढायची

ज्या कामाचा दर आधी ठरलेला आहे त्याला तोच दर लावायचा. वाढीव पानालाही 500 रुपयेच. समोरचा अडलाय म्हणून दर वाढवला तर आपल्या बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

पानं किती वाढतील हे मात्र नीट बघावं लागतं. जाहिरातींची दहा पानं, आणि हस्तलिखिताची 18 पानं टाइप केल्यावर साधारण सहा, अशी सोळा. हे छापखान्याच्या दृष्टीनं बरं झालं. त्या छापखान्यात या आकाराच्या पुस्तकाचा फॉर्म सोळा पानांचा होता. एका कागदाच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ पानं छापून तो घडी घातला जातो. 64 पानं म्हणजे चार फॉर्म, 80 म्हणजे पाच. बारा पानं वाढली असती तर चार पानं कोरी सुटली असती, नाहीतर अर्ध्या फॉर्मचा खटाटोप. ही गोष्ट ग्राहकाला माहीत नसते. ती सांगितली की पानं वाढवणं म्हणजे नुसतं माझं काम वाढणं नाही, छपाईचं बिलही वाढणं, हे त्याच्या लक्षात येतं. छपाईचा वाढीव दर संस्थेनं छापखान्याकडून घ्यावा, हेही मी लिहून टाकते.

ज्याचा दर ठरलेला नाही, त्याचा नमुना करून बघायचा. मी हस्तलिखिताची तीन पानं टाइप केली. वाचून, तपासून एका पानाला सरासरी 25 मिनिटं लागली. तीन फोटो दुरुस्त केले; एकाला सुमारे 40 मिनिटं. माझा तासाचा हिशेब 240 रुपयांचा आहे. त्यावरून टायपिंग पानाला 100 आणि फोटो 150, थोडं खाली उतरवून. कार्डावरून जाहिरात रचायला नेहमीच्या अनुभवानं 400.

पत्र

मग मी सचिवांना फोन केला. पैशाची गोष्ट पहिल्यांदा कागदावर दिसली तर ती कठोर वाटते. फोनवर एवढंच म्हटलं, "साहेब, नवीन गोष्टींमुळे स्मरणिका चांगली होईल. पण काम बरंच वाढलंय. सगळं करायचं की त्यातलं काही, हे तुम्ही ठरवा. मी खर्च आणि तारखांसह पत्र पाठवते, ते मीटिंगमध्ये ठेवता येईल." आणि त्याच संध्याकाळी हे पत्र ई-मेलनं गेलं:

*मा. सचिव साहेब,*
*सप्रेम नमस्कार.*
*विषय: सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, वाढीव काम व सुधारित दरपत्रक*

*आपल्या मान्य दरपत्रकानुसार 64 पाने, मुखपृष्ठ व मलपृष्ठ यांचे काम रु. 40,000 मध्ये ठरले असून पहिले प्रूफ 1 डिसेंबरला दिले आहे. त्यानंतर 3 ते 14 डिसेंबर या काळात आलेल्या सूचनांचा तपशील पुढीलप्रमाणे आहे.*

*ठरलेल्या कामात समाविष्ट: संचालकांच्या नावातील दुरुस्ती.*
*अध्यक्षांचे मनोगत व फोटो बदलणे: नेहमीचा आकार रु. 600. या कामासाठी आकार नाही.*

*वाढीव काम:*
*1. वाढीव 16 पाने, प्रत्येकी रु. 500: रु. 8,000*
*2. कार्डावरून 10 जाहिराती रचणे, प्रत्येकी रु. 400: रु. 4,000*
*3. हस्तलिखित 18 पाने टाइप करणे, प्रत्येकी रु. 100: रु. 1,800*
*4. जुन्या 22 फोटोंची दुरुस्ती, प्रत्येकी रु. 150: रु. 3,300*
*वाढीव एकूण: रु. 17,100*

*आपल्यापुढे तीन पर्याय आहेत.*
*पर्याय अ: सर्व वाढीव काम. एकूण रु. 57,100. फाइल 6 जानेवारी.*
*पर्याय ब: फक्त वाढीव पाने व टायपिंग. जाहिराती छपाईयोग्य स्वरूपात आपण द्याव्यात, फोटो आहेत तसे छापले जातील. एकूण रु. 49,800. फाइल 2 जानेवारी.*
*पर्याय क: मूळ 64 पानेच. एकूण रु. 40,000. फाइल 28 डिसेंबर.*

*छापखान्यास दहा दिवस लागतात. त्यामुळे 18 डिसेंबरपर्यंत लेखी कळवावे. तोपर्यंत मूळ 64 पानांचे काम चालू ठेवत आहे. वाढीव काम आपल्या मान्यतेनंतर व वाढीव रकमेच्या निम्मी रक्कम मिळाल्यावर सुरू करीन. त्या तारखेपर्यंत निर्णय न कळल्यास पर्याय क प्रमाणे काम पूर्ण करीन. छपाईचा वाढीव खर्च यात धरलेला नाही. तो छापखान्याकडून घ्यावा.*

*कळावे,*
*आपली विश्वासू*

पत्र एवढंच. यात "हे ठरलं नव्हतं" अशी तक्रार नाही आणि "माफ करा, पण" असंही नाही. माफी मागितली की आपण काही गैर मागतोय असं वाटतं, आणि तक्रार केली की समोरचा बचाव करायला लागतो. ठरलेलं काय, आलेलं काय, त्याची किंमत आणि तारीख काय, आणि निर्णय कुणी कधीपर्यंत घ्यायचा, इतकंच.

तीन पर्याय का? एकच आकडा दिला तर उत्तर हो किंवा नाही एवढंच येतं, आणि "नाही"नंतर रुसवा. पर्याय दिले की चर्चा "देऊ का नको" यावरून "काय घेऊ या" यावर येते. मूळ काम मूळ किमतीत हा पर्याय कायम असलाच पाहिजे. नाहीतर अर्ध्यावर अडवून पैसे मागितल्यासारखं होतं.

कागद कुणासाठी

संस्थेच्या कामात एक गोष्ट नेहमी लक्षात ठेवावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर मागणी करणाऱ्याला बऱ्याचदा खर्च मंजूर करायचा अधिकारच नसतो. सचिवांना कुणी संचालक म्हणाले, "ते फोटो टाका हो," आणि सचिवांनी मला पाठवले. आता 17,100 रुपये त्यांना आपल्या अधिकारात देता येत नाहीत; संचालक मंडळासमोर ठेवावे लागतात, ठराव लागतो. त्यामुळे माझं पत्र वाचणारे खरे वाचक म्हणजे मला कधी न भेटलेले संचालक. त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवरचा संवाद माहीत नाही. म्हणून पत्रात सुरुवातीपासूनचा हिशेब एका पानावर हवा, असा की सचिवांनी काही समजावून न सांगताही तो कळेल. आपण पैसे मागतोय असं वाटतं खरं, पण आपण सचिवांची अडचण सोडवत असतो.

17 तारखेला मीटिंग झाली. खजिनदारांनी तिथंच हिशेब मांडला की जाहिरातीच्या दहा पानांचे संस्थेला पानाला 3,000 प्रमाणे 30,000 रुपये येणार आहेत. हे मी पत्रात लिहिलं नव्हतं आणि लिहायचंही नाही; त्यांचं उत्पन्न हा त्यांचा विषय. पण प्रत्येक कामाची किंमत वेगळ्या ओळीत असल्यामुळे त्यांना ते पटकन दिसलं. फोटोंच्या बाबतीत उलट झालं. 22 पैकी 8 च खरंच महत्त्वाचे आहेत असं ठरलं, म्हणजे 3,300 चे 1,200 झाले. वाढीव रक्कम 15,000 आणि एकूण 55,000.

मग सचिवांचा फोन आला, "ताई, पन्नास करून टाका." हा प्रश्न येणारच. अशा वेळी मी दर कमी करत नाही, काम कमी करते. म्हटलं, "पन्नासमध्ये बसवायचं तर जाहिराती तुम्ही तयार आणून द्या, चार हजार तिथं वाचतील, फोटो सगळे आहेत तसे घेऊ या, बाराशे वाचतील." त्यांनी थोडा विचार केला आणि पंचावन्न मान्य केले. 7,500 दुसऱ्या दिवशी जमा झाले आणि ई-मेलवर दोन ओळींचं मान्यतापत्र आलं. मी त्या दिवशी टायपिंगला बसले, आधी नाही.

जिथं हे जमत नाही

दरवेळी असं सरळ होत नाही. पहिलं दरपत्रकच मोघम असेल तर मागचं उकरून काढू नये. प्रत्यक्षात आलेला मजकूर, पानांची संख्या, झालेल्या फेऱ्या यांची यादी करावी आणि "आजपर्यंतचं ठरलेल्या रकमेत, इथून पुढचं या दरानं" असं लिहावं. मागचं थोडं नुकसान सोसावं लागतं, पण पुढचं काम मोकळं होतं.

समोरून उत्तरच आलं नाही तर? त्यासाठी पत्रात ती "निर्णय न कळल्यास" ओळ आहे. ती नसेल तर तुमचं काम आणि कार्यक्रमाची तारीख दोन्ही लटकतात. आणि काही जण म्हणतात, "मग राहू द्या, दुसऱ्याकडून करून घेतो." तसं झालं तर ज्याचे पैसे मिळालेत तेवढं काम नीट पूर्ण करून, व्यवस्थित नावं दिलेल्या फाइलींसह सोपवावं. भांडून ठेवून घेऊ नये.

जीएसटीबद्दल मघाशी कुणीतरी विचारलं. माझी नोंदणी नाही, त्यामुळे मी कर लावत नाही, लावताही येत नाही. ज्यांची नोंदणी आहे त्यांनी सुधारित दरपत्रकातही कर वेगळ्या ओळीत दाखवावा, नाहीतर कमिटी तो रकमेत धरलाय असं समजते.

आणि जे मित्र-मैत्रिणी कमिट्यांवर आहेत त्यांना एक विनंती. असं पत्र आलं तर रागावू नका. प्रत्येक ओळ वाचा आणि कोणती ओळ नको ते सांगा. आमच्या दृष्टीनं याहून चांगलं उत्तर नाही. आणि मागणी पाठवताना ती एकाच माणसाकडून, एकाच ठिकाणी पाठवा. पतसंस्थेच्या त्या कामात पुढं सचिवांनीच हे सुरू केलं. "यापुढे ताईंना फक्त मी कळवीन" असं त्यांनी संचालकांना सांगितलं, आणि 6 जानेवारीची फाइल 6 जानेवारीलाच गेली.

माझ्या पहिल्या दरपत्रकाचा आणि या सुधारित दरपत्रकाचा नमुना मी संयोजकांकडे ठेवला आहे. ज्यांना हवा त्यांनी घ्यावा, आपल्या कामाप्रमाणे ओळी बदलाव्यात.